साखरपुडा ते लग्न: धाकधूक कोणती आणि इशारा कोणता?

साखरपुडा झाला, लग्नाची तारीख निघाली आणि मग मधले तीन-चार महिने मनात जे सुरू होतं, त्याविषयी आज बोलायचं आहे. आम्ही विवाहपूर्व समुपदेशनाचं काम करतो. खरं तर लोकांनी आमच्याकडे साखरपुड्याच्या आधी यायला हवं. पण बरेच जण येतात ते नंतर, हॉल बुक झाल्यावर, पत्रिकेचा मजकूर ठरत असताना. येतात तेही दबक्या आवाजात. पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं : "तसं काही नाही, सगळं चांगलंच आहे, पण..."

या 'पण'ला आपल्याकडे दोन तयार उत्तरं मिळतात. घरातली मोठी माणसं म्हणतात, "होतं असं सगळ्यांनाच, लग्न झालं की जाईल." मैत्रिणी किंवा मित्र म्हणतात, "मनात शंका आली ना? मग नकोच." दोन्ही उत्तरं देणाऱ्यांनी एक गोष्ट विचारलेलीच नसते, ती म्हणजे शंका नेमकी कशाची आहे.

शंकेकडे दुर्लक्ष करावं की नाही, याबद्दल एक अभ्यास उपयोगाचा आहे. लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जस्टिन लॅव्हनर, बेंजामिन कार्नी आणि थॉमस ब्रॅडबरी या संशोधकांनी तो २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. नुकतंच लग्न झालेल्या २३२ जोडप्यांना त्यांनी विचारलं, की लग्न करण्याबद्दल तुमच्या मनात कधी अनिश्चितता किंवा चलबिचल होती का? ४७ टक्के नवऱ्यांनी आणि ३८ टक्के बायकांनी 'हो' म्हटलं. म्हणजे शंका येणं ही अगदी सर्वसाधारण गोष्ट आहे, हे मोठ्या माणसांचं म्हणणं बरोबर निघालं. पण पुढे चार वर्षांनी काय दिसलं? ज्या बायकांना शंका होती त्यांच्यात घटस्फोटाचं प्रमाण १९ टक्के होतं आणि ज्यांना नव्हती त्यांच्यात ८ टक्के. नवऱ्यांमध्ये हा फरक १४ आणि ९ असा होता, म्हणजे बराच कमी.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. शंका असलेल्या शंभरातल्या ऐंशीएक बायकांचं लग्न चार वर्षांनी टिकून होतं. म्हणजे शंका आली की मोडा, असं यातून निघत नाही. पण शंका आली तरी काही फरक पडत नाही, असंही निघत नाही. शिवाय ही अमेरिकेतली, स्वतः जोडीदार निवडलेली माणसं. आपल्याकडे कांदेपोह्यांनंतर दोन-तीन भेटींत होकार दिलेला असतो, तेव्हा शंकांमध्ये 'मी या माणसाला ओळखतच नाही' हा भाग मोठा असणारच. आणि आपल्याकडे टिकलेलं लग्न म्हणजे चांगलं लग्न असंही नाही, हे इथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून आकडे इथेच सोडू आणि आपल्या कामाच्या प्रश्नाकडे येऊ. शंकेच्या ढिगातून काय बाजूला काढायचं?

आमच्या अनुभवात पहिला फरक असा दिसतो. धाकधूक पसरलेली असते आणि ती जागा बदलते. सोमवारी वाटतं, सासरी स्वयंपाक जमेल का. बुधवारी वाटतं, आईला एकटं वाटेल. शुक्रवारी त्याचं हसणंच आवडेनासं होतं. हिचा मुख्य विषय असतो आपलं बदलणारं आयुष्य. इशारा तसा नसतो. त्याला तारीख असते, प्रसंग असतो, समोरच्या माणसाचं एखादं वाक्य किंवा एखादी कृती असते, आणि तो पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी येऊन थांबतो. म्हणून आम्ही 'तुला काय वाटतं?' असं फारसं विचारत नाही. 'काय झालं ते सांग' असं विचारतो. झोप लागत नाही, भूक मेली आहे, रडू येतं, यावरून मात्र काहीच ओळखता येत नाही. ते दोन्हीकडे सारखंच होतं.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. हे कोणा एकीचं नाही. ओळख पटू नये म्हणून आम्ही तीन-चार जणींचे अनुभव एकत्र करून ते मांडतो आहोत.

मुलगी नाशिकची, वय २७, बँकेत नोकरी. मुलगा पुण्यात आयटीत. स्थळ नात्यातून आलेलं. साखरपुडा जानेवारीत झाला, लग्न मे महिन्यात. मार्चमध्ये ती मोठ्या बहिणीला घेऊन आली. म्हणाली, "ताई, मला कळतच नाहीये. तो चांगला आहे. पण रात्री दोन वाजता जाग येते आणि वाटतं, हे नको." आम्ही तिला दहा दिवसांचं एक साधं काम दिलं. एक वही ठेवायची. शंका मनात आली की तीन गोष्टी लिहायच्या : वेळ कोणती होती, त्याच्या आधी काय घडलं होतं आणि मनात नेमकं कोणतं वाक्य आलं. 'कसंतरी वाटलं' असं लिहायचं नाही.

दहा दिवसांत अकरा नोंदी झाल्या. त्या आम्ही तिच्यासमोर वाचल्या. सहा नोंदी एकाच जातीच्या होत्या. एक हॉल बघून आल्यावरची. एक केळवणाला कुणी मावशी "आता मजा संपली गं तुझी" म्हणाली तेव्हाची. एक स्वतःचं कपाट आवरताना. एक त्याला विनोद कळत नाहीत याबद्दल. बाकीच्या दोन मध्यरात्रीच्या, ज्यांच्याआधी काहीच घडलेलं नव्हतं. ही धाकधूक. तिच्यावर इलाज करायची गरज नसते. फक्त तिला नाव मिळालं की ती थोडी उतरते. दोन नोंदी नोकरीच्या बदलीच्या होत्या. पुण्याला बदली मिळेल का, नाही मिळाली तर काय. हा मनाचा प्रश्नच नव्हता, माहितीचा होता. त्याचं उत्तर बँकेच्या बदलीच्या नियमांत होतं आणि त्या दोघांनी बसून ठरवण्यात होतं. अशा बऱ्याच शंका केवळ चौकशी न केल्यामुळे भुतासारख्या मानगुटीवर बसलेल्या असतात.

उरल्या तीन. एका शनिवारी ती ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला जेवायला गेली होती. साडेनऊ वाजता त्याचे लागोपाठ चार फोन आले आणि मग, "व्हिडिओ कॉल कर, कोण कोण आहे ते दाखव." दुसरी नोंद, त्याने तिला मोबाइलवर लाइव्ह लोकेशन चालू ठेवायला सांगितलं होतं. एकदा फोनची बॅटरी संपली, तर त्याने थेट तिच्या आईला फोन केला. तिसरी पगाराची. तो म्हणाला होता, "लग्नानंतर तुझा पगार माझ्या खात्यात येऊ दे, मी बघेन सगळं." ती म्हणाली, बघू. त्यावर तो हसून म्हणाला, "आतापासूनच हिशेब?"

तीन वेगळे विषय, पण तिन्हींचा आकार एकच. तरीही, नीट ऐका, एवढ्यावरून आम्ही काहीच ठरवलं नाही. "काळजी वाटते म्हणून विचारतो" हे कधीकधी खरंही असतं. काही घरांत अशा वागण्याला प्रेमच म्हणतात आणि मुलगा तेच बघत वाढलेला असतो. त्याला कोणी 'नाही' म्हटलेलंच नसतं. म्हणून पुढची पायरी येते आणि आमच्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे : एक छोटा, स्पष्ट नकार द्यायचा आणि पुढे काय होतं ते बघायचं.

याची एक पद्धत आहे. समोरासमोर, दिवसा, दोघांनीच भेटायचं. विषय एकच घ्यायचा, तिन्ही नाहीत. आरोप करायचा नाही, स्वभावाबद्दल बोलायचं नाही, फक्त आपण काय करणार ते सांगायचं. तिने वाक्य ठरवलं : "मला लोकेशन चालू ठेवायचं नाही. घरी पोचले की मी मेसेज करत जाईन." बस. आता इथे अनेकांची गल्लत होते. तो नाराज झाला म्हणजे तो वाईट, असं समजतात. तसं नाही. नाराज होण्याचा त्याला हक्क आहे, तोंड पाडण्याचाही आहे. बघायचं ते हे की नाराज होऊनही तो 'का' असं विचारतो का? पुढच्या दोन-तीन आठवड्यांत वागणं बदलतं का? की नकाराची किंमत वसूल केली जाते? म्हणजे अबोला, मोठ्यांकडे तक्रार, स्थळ मोडायची भाषा, किंवा खूप गोड माफी आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. दोन-तीन मिनिटांत मिळालेल्या उत्तरावर जायचं नाही.

तिच्या बाबतीत तो त्या दिवशी म्हणाला, "ठीक आहे, तुला नको तर नको." ती हलकी होऊन आली. आम्हालाही बरं वाटलं. बारा दिवसांनी ती एका मैत्रिणीकडे राहायला गेली. त्याचा मेसेज आला, "आजच्या दिवस लोकेशन पाठव." तिने नाही म्हटलं. दोन दिवस एकही उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या आईचा तिच्या आईला फोन आला : "मुलगी जरा जास्तच स्वतंत्र विचारांची दिसते, पुढे जमेल ना?"

इथे शंकेचा इशारा झाला. दोघांमधला एक छोटा नकार दोन घरांचा प्रश्न बनवला गेला होता. आणि तेव्हाच ती सहज बोलून गेली, "हल्ली मी कुठे जायचं असलं की आधीच सांगून टाकते, म्हणजे मग कटकट नको." हे वाक्य आम्हाला त्या फोनपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटलं. समोरचा चिडू नये म्हणून आपण आपलं वागणं आधीच कापायला लागलो का, मैत्रिणींकडे जाणं कमी केलं का, घरच्यांपासून काही लपवायला लागलो का? समोरच्याच्या मनात काय आहे हे आपल्याला दिसत नाही. पण आपण किती बदललो हे मोजता येतं, आणि ते सांगायला वही पुरते.

पुढची अडचण पैशांची आणि लाजेची होती. हॉलचा ॲडव्हान्स आणि केटररला दिलेले पैसे मिळून सव्वा लाख गेले होते. याद्या झाल्या होत्या, बस्ता पुढच्या आठवड्यात होता. वडील म्हणाले, "आता एवढं सगळं झाल्यावर?" हे खूप स्वाभाविक आहे. नात्यांचा अभ्यास करणारे स्कॉट स्टॅनली यांनी याबद्दल एक चांगला मुद्दा मांडला आहे. बऱ्याचदा माणसं ठरवून पुढच्या टप्प्यात जात नाहीत, घसरत जातात, आणि प्रत्येक टप्प्यावर मागे फिरणं आधीपेक्षा महाग होतं. ते बोलत होते लग्नाआधी एकत्र राहणाऱ्या जोडप्यांबद्दल. पण आपल्याकडे हे घसरणं दोन कुटुंबं मिळून करतात आणि त्यासाठी मुहूर्तही काढतात! आम्ही वडिलांना कागदावर दोन रकाने करायला लावले. गेलेले पैसे आणि अजून जायचे पैसे. गेलेले सव्वा लाख दोन्ही निर्णयांत गेलेलेच होते. दागिने, कपडे, जेवणं मिळून साडेपाच-सहा लाख अजून खर्च व्हायचे होते. हिशेब तसा सोपा होता, फक्त कोणी तो लिहिला नव्हता.

तरीही आम्ही 'मोडा' म्हटलं नाही. आम्ही ते कधीच म्हणत नाही, तो आमचा अधिकार नाही. पत्रिका छापायला टाकण्याआधी एक महिना थांबा आणि त्या काळात दोघांनी मिळून एकदा बोलायला या, एवढं सुचवलं. लग्न पुढे ढकलण्याची विनंती हीसुद्धा एक मोठ्या आकाराची 'नाही'च असते. दुसऱ्या बाजूला वाईट वाटणार, अपमान वाटणार, हे धरूनच चालायचं. काही मुलं अशा वेळी स्वतः गाडी काढून येतात आणि म्हणतात, "माझं काय चुकतंय ते सांगा." अशी लग्नं आम्ही नंतर चांगली झालेली पाहिली आहेत. इथे निरोप आला, "तारीख हलली तर स्थळ मोडलं समजा." मुलगा स्वतः एकदाही बोलला नाही. तिने साखरपुडा मोडला. तो वाईट माणूस होता, असं आम्ही म्हणत नाही. आम्हाला ते माहीत नाही. या दोघांत नकाराला जागा नव्हती, एवढंच दिसलं.

आता उलट बाजू थोडक्यात. तीस वर्षांचा एक मुलगा आला. त्याचा प्रश्न असा, की मला ती खरंच आवडते का? दिवसातून पन्नास वेळा तो स्वतःला तपासायचा. तिचा फोटो बघितल्यावर काही वाटतं का, रस्त्यातली दुसरी मुलगी जास्त आवडली का. मित्रांना विचारायचा, मित्र म्हणायचे अरे छान आहे, की तासभर बरं वाटायचं आणि पुन्हा सुरू. 'काय झालं ते सांग' म्हटलं, तर सांगायला एकही प्रसंग नव्हता. तिच्यासोबत असताना तो मजेत असायचा. मग कळलं, आधीच्या दोन चांगल्या स्थळांच्या वेळीही अगदी हेच झालं होतं. इथे शंका मुलीची नव्हतीच. माणूस बदलला तरी तीच शंका, त्याच शब्दांत येत असेल, आणि धीर दिला की तेवढ्यापुरती जाऊन दुप्पट जोराने परत येत असेल, तर तो चिंतेचा विकार असू शकतो. मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा, हा एक प्रकार आहे. साखरपुडा मोडून तो बरा होत नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं, आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

आपल्याकडच्या ठरवून केलेल्या लग्नांत आणखी एक इशारा असतो, आणि तो बहुतेक वेळा भलत्याच नावाने खपतो. समोरचा स्वतःहून कधी फोन करत नाही, भेट ठरली की काम निघतं, पुढच्या आयुष्याबद्दल विचारलं की "घरचे म्हणतील तसं." आपण म्हणतो, लाजाळू आहे. असेलही. पण लाजाळू माणूस हळूहळू मोकळा होतो. दोन महिन्यांत इंचभरही बदल नसेल, तर शक्यता ही आहे की त्याचा किंवा तिचा होकार घरच्यांनी दिलेला आहे. इथे सरळ विचारावं : "तुमच्यावर कोणाचा दबाव असेल तर मला सांगा. नकार मी माझ्या बाजूने कळवेन, तुमचं नाव येणार नाही." एवढी वाट करून दिली की पुष्कळ जण खरं बोलतात. मुलगेसुद्धा.

काही गोष्टी मात्र तपासत बसायच्या नसतात. अंगावर हात टाकणं, जिवाचं बरंवाईट करून घेण्याची किंवा फोटो पसरवण्याची धमकी, आधीचं लग्न किंवा नोकरी याबद्दल धडधडीत खोटं, आणि पैशाची मागणी. मागणी आता 'हुंडा' म्हणून येत नाही, "फ्लॅटच्या डाउन पेमेंटला थोडी मदत" म्हणून येते. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा आहे. त्यात नुसती मागणी करणं हाही गुन्हा आहे, ती लग्नाआधी केली तरी. अशा ठिकाणी मघाशी सांगितलेला 'छोटा नकार' एकटीने जाऊन देऊन बघू नका. मनात भीती असेल तर आधी घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला सांगा, एकांतात भेटू नका, आणि महिलांसाठी १८१ हा हेल्पलाइन क्रमांक आहे, तो वापरा.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेतो.

पहिली : "साखरपुडा मोडायला कायद्याने काही करावं लागतं का?" नाही. साखरपुडा म्हणजे लग्न नव्हे, तो मोडायला कोर्टात जावं लागत नाही. पण एक फार महत्त्वाची गोष्ट इथे सांगतो. परदेशातल्या स्थळांमध्ये हल्ली म्हणतात, "व्हिसाच्या कामासाठी आधी रजिस्टर करून घेऊ, विधी नंतर डिसेंबरात." रजिस्ट्रारसमोर लग्न केलं की ते पूर्ण लग्न झालं. मग विधी झालेले नसोत, तुम्ही एक दिवसही एकत्र राहिलेले नसा. त्यातून बाहेर पडायचं तर घटस्फोट घ्यावा लागतो आणि लग्नापासून एक वर्ष व्हायच्या आत साधारणपणे त्याचा अर्जही करता येत नाही, कोर्टाने खास परवानगी दिली तरच. शंका असेल तर ती त्या सहीच्या आधी बाहेर काढा, हळदीच्या आधी नव्हे.

दुसरी चिठ्ठी एका वडिलांची आहे : "मुलीने नाही म्हटलं आहे, समोरच्यांना कसं सांगायचं?" काका, मध्यस्थाकडून निरोप पाठवू नका, तो वाटेत बदलतो. तुम्ही आणि घरातलं आणखी एक मोठं माणूस स्वतः जा. मुलीला सोबत नेऊ नका. दहा मिनिटांत बोलणं संपवा. "आमच्याकडून पुढे जाणं होणार नाही, तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल क्षमा मागतो," एवढं पुरे. मुलाचे दोष सांगत बसू नका. दोष सांगितले की त्यांवर वाद होतो आणि तडजोडीची बैठक लागते. अंगठी, साडी, दिलेले दागिने सोबतच घेऊन जा, वस्तूंची यादी दोन प्रतींत करा, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या आणि एक प्रत आपल्याकडे ठेवा.